'एनी अपडेट?' वाचून त्या एचआरने करायचं काय?

आज पुन्हा तेच. फायनल इयरच्या एका मुलाने मोबाइल समोर धरला. रिक्रूटरला आठ दिवसांत चार मेल, आणि चारही मेलमध्ये मिळून मजकूर एवढाच: 'मॅम, एनी अपडेट?' ऑफर लेटरचा नंबर नाही, कॉलेजचं नाव नाही, शेवटचा पेपर कधी झाला तेही नाही. वर म्हणतो, "जेंटल रिमाइंडर लिहिलंय की सर!"

अरे, कंपनी तुझ्या रिझल्टसाठी थांबलीय. अपडेट तिच्याकडे नाही, तुझ्याकडे आहे!

ऑफर लेटर उघडायला लावलं. दुसऱ्या पानावर अटी होत्या तीन. एकूण साठ टक्के, जॉइनिंगच्या दिवशी एकही केटी शिल्लक नको, आणि फायनल मार्कशीट 30 जूनपर्यंत. पहिल्या दोन अटींचं काय ते पेपर दिले तेव्हाच ठरलं, आता त्याच्या हातात काही नाही. तिसरी मात्र विद्यापीठाच्या हातात आहे, आणि आत्ता लिहायचं ते तिच्याबद्दल.

त्याचा शेवटचा पेपर 28 मेला झाला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 म्हणतो की निकाल 30 दिवसांत लावायचा प्रयत्न करा, फार तर 45 दिवसांत लावाच. म्हणजे 27 जून, नाहीतर 12 जुलै. कायदा तंतोतंत पाळूनही 30 जून हुकू शकते. आणि कायदा पाळला जातो म्हणता? 2017 साली मुंबई विद्यापीठात ऑनस्क्रीन पेपरतपासणी आली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत लोंबले. शिव्या विद्यापीठाला घालायच्या, उत्तरं द्यायची पोरांनी. शिवाय रिझल्ट वेबसाइटवर लागतो एका दिवशी आणि छापील मार्कशीट कॉलेजात येते त्यानंतर कधीतरी. कंपनीच्या पत्रात 'मार्कशीट' हा एकच शब्द असतो, त्यामुळे कुठली ते विचारून घ्यावंच लागतं.

मग आम्ही मेल नव्याने लिहिला. जुन्याच थ्रेडवर, कारण नवा मेल टाकला की त्या एचआरबाईला मागचं सगळं शोधत बसावं लागतं. मेलच्या पहिल्याच ओळीत नाव, ऑफर नंबर आणि 'फायनल सेमिस्टर रिझल्ट, 30 जूनची मुदत'. कॅम्पस प्लेसमेंट असल्याने टीपीओंना सीसी. मेल इंग्रजीत गेला, पण सांगितलं ते असं:

'माझा शेवटचा पेपर 28 मे रोजी झाला. निकाल 12 जुलैपर्यंत अपेक्षित आहे, त्यामुळे 30 जूनला मार्कशीट देता येणार नाही. पहिल्या सात सेमिस्टरच्या मार्कशीट आणि परीक्षेला बसल्याचं कॉलेजचं बोनाफाइड सोबत जोडलं आहे. मुदत 31 जुलैपर्यंत वाढवून मिळेल का? आणि छापील मार्कशीट येईपर्यंत ऑनलाइन निकालाची प्रिंट चालेल का?'

प्रश्न दोनच, आणि दोन्हींचं उत्तर हो किंवा नाही. समोरच्या बाईकडे अशी ढीगभर पोरं असणार. तिला फॉरवर्ड करून वरिष्ठांची मंजुरी घेता येईल, असं काहीतरी हातात द्या की! 'एनी अपडेट' फॉरवर्ड करून ती काय मागणार?

मान्य, काही रिक्रूटर चांगल्या मेललाही उत्तर देत नाहीत. चार कामाचे दिवस थांबा, मग एकदा फोन करा. फोनवर 'हो, चालेल' म्हणाले तर त्याच थ्रेडवर लिहा की आज बोलल्याप्रमाणे मुदत अमुक तारखेपर्यंत वाढली आहे. तोंडी मुदत पुढच्या एचआरला माहीत नसते.

निकाल लागला की त्याच दिवशी कळवा. मात्र आधी नीट वाचा. मुंबई विद्यापीठाच्या निकालात कधीकधी आरएलई दिसतं, म्हणजे खालच्या सेमिस्टरमुळे निकाल राखून ठेवलाय. बऱ्याचदा जुनी केटी सुटलेली असते, पण तिची नोंद पुढे सरकलेली नसते. एचआरला ते नापासासारखंच दिसणार. म्हणून कॉलेजच्या परीक्षा विभागाचं पत्र आणि केटी सुटलेली मार्कशीट, दोन्ही सोबत जोडायची.

आणि खरंच केटी लागली तर? कळवायचं. रिव्हॅल्युएशन टाकलं असेल तर त्याची पावती जोडायची आणि जॉइनिंग पुढे ढकलता येईल का ते विचारायचं. ऑफर जाऊ शकते, खोटं कशाला बोलू. पण 'निकाल लागलाच नाही' म्हणून वेळ काढलात तर विद्यापीठाची वेबसाइट त्यांनाही उघडता येते. आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये सापडलात तर लागलेली नोकरी जाते.

सकाळी चिडलो होतो त्या पोरावर. पण मेल कसा लिहायचा हे आठ सेमिस्टरमध्ये त्याला शिकवलं कोणी? बोनाफाइडसाठी तो बिचारा दोन तास ऑफिसच्या खिडकीशी उभा होता, शिक्का मारणारे साहेब जेवायला गेलेले.

मेल चार वाजता गेला. अजून उत्तर नाही. पाचवा 'जेंटल रिमाइंडर' पाठवायचा नाही, एवढं कबूल करून घेतलंय.