आपापल्या भाषेत

"पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं, कारण दुसरी भाषा त्यांना समजलीच नसती."

प्रवचनातल्या या वाक्यापाशी मी थबकलो. पेन्टेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्मा प्रेषितांवर उतरला आणि ते निरनिराळ्या भाषांत बोलू लागले तो दिवस. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय बघा. पार्थी, मेदी, एलामी, मिसरी अशी मोठी यादी आहे, पण हे लोक म्हणजे देशोदेशीचे यहूदी आणि यहूदी धर्म स्वीकारलेले लोक, यरुशलेमेत जमलेले. त्यातल्या बहुतेकांचं ग्रीक किंवा अरामी भाषेत भागत असणार. पुढे पेत्र उभा राहून भाषण करतो, तेव्हा भाषांचा चमत्कार पुन्हा सांगितलेला नाही, तरीही तीन हजारांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे समजण्यासाठी एक सामाईक भाषा पुरेशी होती. तरी आधी प्रत्येकाची घरची बोली ऐकू आली. मला तो मान वाटतो, सोय नव्हे.

आपल्याकडे लोकांच्या भाषेला मान देणं आणि ती हिरावणं, दोन्ही घडलं. गोव्यात जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं. ते 1616 मध्ये रायतूर इथे छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. पुढे 1684 मध्ये त्याच गोव्यात पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं: तीन वर्षांत कोकणी सोडा, पोर्तुगीज बोला.

आणि वसईकरांना एक विचारतो (जरा खोचकच): मिस्सा मराठीत आली, उत्तम. पण घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या आजीने पेन्टेकॉस्टच्या सणाच्या मिस्सेत निदान एक प्रार्थना आपल्या बोलीत म्हणायला काय हरकत आहे?