सोसायटीचं ड्राइव्ह फोल्डर: सोडायचं की उडवायचं?

कमिटी बदलली की मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत चार्ज देण्याचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. कपाटाच्या किल्ल्या, शिक्का, चेकबुक, मिनिट्स बुक, आय आणि जे रजिस्टर. सगळ्याची यादी होते, दोन्हीकडच्या सह्या होतात. गूगल ड्राइव्हवरचं फोल्डर मात्र त्या यादीत नसतं. मग कधीतरी जुने सेक्रेटरी "आता आपला काय संबंध" म्हणून मोबाइलवरून ते काढून टाकतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो, "काका, फोल्डर दिसत नाहीये, तुम्ही काही केलंत का?" काकांचं उत्तर ठरलेलं, "मी फक्त माझ्याकडून काढलं."

काका खोटं बोलत नाहीत. माझ्या मते दोष ड्राइव्हच्या मेनूचा आहे. "माझ्या नजरेआड कर" आणि "सगळ्यांचं उडव" या दोन गोष्टींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक, पण दोन्ही त्याच तीन ठिपक्यांमागे, जवळजवळ त्याच जागी. दाबणारा माणूस मालक आहे की पाहुणा, यावर परिणाम ठरतो, आणि आपण मालक आहोत हे बहुतेकांच्या लक्षातही नसतं.

आधी मालकीचं समजून घ्या, बाकी सगळं त्यावरून सुटतं. आपल्याला फोल्डर म्हणजे कपाट वाटतं: ज्याचं कपाट, त्याचंच आतलं सामान. ड्राइव्हमध्ये तसं नाही. साध्या जीमेल खात्यांवर प्रत्येक फाइलला स्वतःचा एकच मालक असतो. ज्याने फाइल तयार केली किंवा चढवली तो मालक, मग ती कोणाच्याही फोल्डरमध्ये पडलेली असो. जागाही त्याच्याच खात्यातली जाते.

मुलुंडची एक कल्पित सोसायटी घेऊ, ४८ फ्लॅट. फोल्डर सेक्रेटरींनी बनवलेलं, आत ३१० फाइल्स. त्यातल्या १९० सेक्रेटरींच्या: एजीएमच्या नोटिसा, स्ट्रक्चरल ऑडिटचा स्कॅन, लिफ्टच्या एएमसीची कागदपत्रं. ८५ खजिनदारांच्या, मुख्यतः महिन्या-महिन्याच्या मेंटेनन्स शीट. उरलेल्या ३५ बी विंगच्या एका मेंबरच्या. ऑडिटरना फक्त बघण्याची परवानगी.

आता सेक्रेटरींनी, म्हणजे मालकांनी, फोल्डरवर `Move to bin` केलं. पहिले ३० दिवस खरं तर काहीच जळालेलं नसतं. त्यांच्या १९० फाइल्स त्यांच्या बिनमध्ये असतात, आणि कोणाकडे एखाद्या फाइलची थेट लिंक असेल तर ती अजून उघडतेही. वर सूचना येते की ही फाइल मालकाच्या बिनमध्ये आहे. ही पट्टी दिसली की ग्रुपवर चर्चा करत बसू नका. आधी `Make a copy` करा, ती प्रत तुमच्या मालकीची होते. मग सेक्रेटरींना फोन करा. बिनमधून `Restore` करणं मात्र त्यांच्याच हातात असतं, दुसऱ्या कोणाला ते जमत नाही.

घात होतो तो पुढच्या पायरीला. लोक हे फोल्डर उगाच काढत नाहीत. १५ जीबी भरलेली असते, जीमेलवर मेल येणं थांबलेलं असतं. बिनमध्ये टाकल्यावर बघतात तर जागा तेवढीच, कारण बिनमधल्या फाइल्सही जागेत मोजल्या जातात. मग वैतागून `Empty bin` दाबतात, आणि हातात असलेले ३० दिवस एका क्लिकमध्ये संपतात. १९० फाइल्स सगळ्यांसाठी गेल्या.

खजिनदारांच्या ८५ फाइल्स मात्र यात मरत नाहीत. दुसऱ्याच्या मालकीची फाइल तुमचं फोल्डर पुसून पुसता येत नाही. पण त्यांचं घर गेलेलं असतं. कधी त्या खजिनदारांच्या `My Drive`मध्ये सुट्या पडलेल्या सापडतात, कधी कुठल्याच फोल्डरमध्ये दिसत नाहीत. त्यांनी आपल्या ड्राइव्हच्या शोधपट्टीत हे टाकून बघावं:

```
is:unorganized owner:me
```

ज्यांना फोल्डर नाही अशा त्यांच्या फाइल्स यात वर येतात. त्या मिळाल्या म्हणजे जुन्यासारखं झालं असं मात्र नाही. ऑडिटरना आणि बी विंगवाल्यांना त्या फाइल्स फोल्डरमुळे दिसत होत्या. फोल्डर गेल्यावर ती परवानगी टिकेल असं धरू नका, नवीन फोल्डरमध्ये घालून परत शेअर करा.

आता उलट बाजू. खजिनदार पायउतार झाले आणि त्यांनी `Shared with me`मध्ये जाऊन फोल्डरवर `Remove` केलं. ते मालक नाहीत, त्यामुळे इतरांचं काहीच हलत नाही. त्यांच्या यादीतून नाव गेलं, एवढंच. जुन्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमधली लिंक दाबली तर फोल्डर पुन्हा उघडू शकतं. सगळे म्हणतात, व्वा, सभ्यपणे बाजूला झाले.

मला विचाराल तर हेच जास्त धोक्याचं. सेक्रेटरींनी फोल्डर उडवलं की त्याच दिवशी बोंब होते आणि ३० दिवस हातात असतात. खजिनदारांनी फोल्डर सोडलं तरी ८५ शीट त्यांच्याच मालकीच्या राहतात, त्यांच्याच खात्यात. वर्षभराने ते आपला ड्राइव्ह साफ करायला बसतात, "मेंटेनन्स जून" नावाच्या शीट दिसतात, आपल्याला काय करायच्यात म्हणून काढतात. किंवा ते खाते वापरणंच सोडतात. दोन वर्षं खात्यात काहीच हालचाल नसेल तर गूगल ते खातं आतल्या सामानासकट काढून टाकू शकतं. सोसायटीच्या फोल्डरमधून शीट गळत जातात आणि कोणाला पत्ता नसतो.

पत्ता लागतो तो बहुधा वर्षाच्या गोषवाऱ्यात. नव्या खजिनदारांनी बारा महिन्यांच्या शीटमधून आकडे ओढणारी एक शीट केलेली असते, आत असं काहीतरी:

```
=IMPORTRANGE("जुन्या शीटची लिंक","June!A2:D49")
```

एका महिन्याच्या जागी `#REF!` दिसायला लागलं की सूत्र तपासण्याआधी ती मूळ शीट अजून आहे का ते बघा. असेल, तर ती कोणाच्या नावावर आहे तेही बघा.

म्हणून माझं म्हणणं असं की जाणाऱ्या माणसाने सोडणं आणि उडवणं या दोन्हींच्या आधी मालकी द्यावी. कोणाला? नव्या सेक्रेटरींच्या स्वतःच्या जीमेलला नको, नाहीतर पुढच्या निवडणुकीला हाच खेळ परत. सोसायटीच्या नावाचं वेगळं जीमेल खातं काढा आणि त्याचा पासवर्ड व रिकव्हरीचा मोबाइल नंबर चार्जच्या यादीत घाला. त्या खात्यालाही १५ जीबीच मिळतात, स्कॅन अवाच्या सव्वा मोठे करू नका.

मालकी देणं कॉम्प्युटरवरूनच करा. फाइलवर `Share` उघडा, सोसायटीचं खातं `Editor` म्हणून जोडा, मग त्या नावासमोरच्या बाणाखाली `Transfer ownership`. समोरच्या खात्याला मेल जातो आणि तिथून कोणीतरी ते स्वीकारेपर्यंत मालक तुम्हीच असता. निम्मी हस्तांतरणं इथेच अडकतात, कारण सोसायटीच्या खात्याचा मेल कोणी उघडतच नाही. दोघं शेजारी बसून करा, चहा होईपर्यंत बरंच उरकतं.

एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते: फोल्डरची मालकी दिली म्हणजे आतल्या फाइल्सची दिली असं होत नाही. सेक्रेटरींनी फोल्डर सोसायटीच्या खात्याला दिलं तरी त्यांच्या १९० फाइल्स त्यांच्याच राहतात. फाइल्सचं हस्तांतरण वेगळं करावं लागतं. नावावर काय काय उरलंय ते बघायला फोल्डर यादीच्या स्वरूपात उघडा, `Owner`चा रकाना असतो. जिथे `me` दिसतंय ते अजून तुमचं.

एवढा वेळ नसेल तर दुसरा मार्ग प्रतींचा. सोसायटीच्या खात्यातून फोल्डर उघडा, फाइल्स निवडा, `Make a copy`. प्रत करणारा मालक होतो, त्यामुळे या प्रती सोसायटीच्या. पण आतली उप-फोल्डरं यात येत नाहीत, प्रत्येकात शिरून परत तेच करावं लागतं. जुनी व्हर्जन हिस्टरी प्रतीत येत नाही. लिंक बदलते, म्हणजे वरचं `IMPORTRANGE` अजूनही जुन्याच शीटकडे बघत राहतं. तक्रारींसाठी गूगल फॉर्म असेल तर त्याची प्रत कोरी येते, आलेली उत्तरं मूळ फॉर्मपाशीच राहतात. माझा कल असा: स्कॅन आणि पीडीएफ प्रतीने चालवून घ्या, चालू शीट आणि फॉर्म यांची मात्र मालकीच द्या.

जाता जाता, हे सगळं गूगल ड्राइव्हचं झालं. ड्रॉपबॉक्सवर शेअर्ड फोल्डर तुमच्याकडून डिलीट केलंत तर तुम्ही फक्त त्यातून बाहेर पडता, बाकीच्यांकडे ते राहतं. पण फोल्डर तसंच ठेवून आतल्या फाइल्स डिलीट केल्या, किंवा ओढून डेस्कटॉपवर आणल्या, तर त्या सगळ्यांच्याच जातात. लॅपटॉपवर जागा करायला बसलेला माणूस नेमका हाच दुसरा प्रकार करतो.

हस्तांतरण झालं की जुन्या मंडळींनी स्वतः काही काढत बसू नये. नव्या मालकाने `Share` उघडून त्यांची नावं काढावीत. तिथेच खाली `General access` बघा. तिथे `Anyone with the link` असेल तर नाव काढून काही उपयोग नाही, लिंक तर गेल्या पाच वर्षांच्या ग्रुपमध्ये पडलेलीच आहे. ते `Restricted` करा, आणि ऑडिटरना त्यांच्या ईमेलने वेगळं जोडा, नाहीतर मार्चअखेरीला पहिला फोन त्यांचाच येईल.