टोणगा सांभाळायचा असेल तर पहिले साठ दिवस त्याचं दूध तोडू नका

म्हैस व्याली आणि रेडकू नर निघालं की सगळ्यांचा उत्साह तिथेच ओसरतो. "टोणगा झालाय" एवढं म्हणून माणूस कासेकडे वळतो. मीही कित्येक वर्षं हेच केलं. पुढे त्याच टोणग्याला दोन-अडीच वर्षं खायला घालायचं, शेवटी येईल त्या भावाला विकायचं आणि टोणग्यात काही सुटत नाही म्हणायचं. आज मला ठामपणे वाटतं की तोटा आपणच पहिल्या दोन महिन्यांत करून ठेवतो.

रेडकाला पान्ह्यापुरतं सडाला लावायचं. म्हैस पान्हावली की ओढून खुंट्याला बांधायचं, सगळी धार काढायची आणि मग रिकाम्या कासेला परत सोडायचं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पितंय की पोटभर. एकदा शंका आली म्हणून पाजण्याआधी आणि नंतर रेडकू वजनकाट्यावर ठेवलं. फरक साडेतीनशे ग्रॅमचा! दोन वेळचं मिळून सातशे ग्रॅम, आणि त्याची गरज तीन लिटरची. तोंडाला फेस, शेपूट हलतेय, ढुशा मारतंय, आणि पोटात काही नाही. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

तो टोणगा सहा महिन्यांचा झाला तेव्हा ५८ किलोचा होता. केस राठ, पोट सुटलेलं, पाठीचा कणा हाताला लागायचा. ३०० किलो व्हायला त्याला २८ महिने लागले.

त्यानंतरच्या टोणग्याला मी वेगळं वाढवलं. जन्माचं वजन ३२ किलो. पहिल्या दोन तासांत दीड लिटर चीक आणि बारा तासांच्या आत आणखी तेवढाच. रोगाशी लढायची ताकद चिकातून येते आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासातासाला घटत जाते, दिवस उलटला की जवळजवळ संपते. वार पडायची वाट बघत चीक थांबवणाऱ्यांनी एवढं एक तरी ऐकावं.

दूध वजनाच्या दहाव्या हिश्शाने धरलं. चार आठवडे रोज तीन लिटर, पुढचे दोन आठवडे दोन लिटर, शेवटचे दोन एक लिटर. एकूण साधारण १२६ लिटर. दुसऱ्या आठवड्यापासून दूध पिऊन झालं की भरडलेलं धान्य आणि पेंड यांचा खुराक चिमूटभर तोंडात घालायचो, शेजारी स्वच्छ पाणी. नुसत्या गवताने पोट मोठं दिसतं, पण कोठीपोटाचं आतलं अस्तर वाढतं ते खुराक आंबून. सलग तीन दिवस सातशे ग्रॅम खुराक खाल्ला तेव्हाच दूध पूर्ण बंद केलं. तारीख बघून तोडलं असतं तर पुन्हा तोच खंगलेला टोणगा झाला असता.

म्हशीच्या रेडकाला आणखी एक धोका असतो. मोठे गोल जंत आईच्या दुधातूनच त्याच्या पोटात जातात. म्हणून गोठा कितीही स्वच्छ ठेवला तरी भागत नाही. मातकट, चिकट, घाण वासाची हगवण लागते आणि पोट फुगतं. पशुवैद्यकाला विचारून दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान जंतनाशक द्यायचं. महिनाभर थांबलो तर आतड्याचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

तीन महिन्यांना तो ७० किलोचा होता. पुढे हिरवी वैरण, कोरडी वैरण आणि दीड-दोन किलो खुराक यांवर रोज सरासरी ६०० ग्रॅम वाढला आणि १६ महिन्यांना ३०० किलोवर गेला. पहिल्यापेक्षा वर्षभर आधी.

आता खर्चाचं बघा. भाव प्रत्येकाचा वेगळा, म्हणून लिटर आणि किलोतच मांडतो. पहिल्याने साठ दिवसांत ४२ लिटर दूध प्यायलं, दुसऱ्याने १२६. म्हणजे मी ८४ लिटर जास्त सोडलं. उलट पहिला टोणगा वर्षभर जादा दावणीला उभा राहिला. जनावर वाढो न वाढो, अंग टिकवायला त्याला रोज खावं लागतं. त्या वजनाच्या टोणग्याला दिवसाला तीनेक किलो कोरडी वैरण धरली, तर वर्षाची टनाहून जास्त होते, आणि वर्षभराचं शेण काढणं, पाणी पाजणं वेगळंच. ८४ लिटर दूध एका बाजूला आणि टनभर वैरण, वर्षाची मेहनत दुसऱ्या बाजूला, हे ज्याने त्याने आपापल्या भावाने ताडून बघावं. दूध फारच महाग आणि मांसाचा भाव पडलेला असेल तर हे गणित बसणार नाही. तेव्हा चीक पाजून, जंतनाशक देऊन तिसऱ्या आठवड्यात वाढवणाऱ्याला द्यावा. अर्धपोटी ठेवून सांभाळणं मात्र कुठल्याच भावात परवडत नाही.

मांसासाठी विकायचा कधी? आणखी थोडा भरू दे म्हणून लोक थांबतात आणि इथेच कमावलेलं घालवतात. शंभर किलोचा टोणगा, ओलावा वजा करून मोजलं तर, तीन किलो खाद्य खाऊन अर्धा किलो वाढतो, म्हणजे किलोला सहा किलो खाद्य. ३०० किलोचा आठ किलो खाऊन ६०० ग्रॅम वाढतो, किलोला तेरा. ३५० च्या पुढे नऊ किलो खाऊन ४०० ग्रॅम, किलोला बावीस! एक किलो जिवंत वजनाच्या पैशात तुमच्याकडे किती किलो खाद्य येतं ते काढा. पंधरा किलो येत असेल तर ३०० ते ३२० किलोला, म्हणजे सोळा-सतरा महिन्यांना त्याला सोडायचं.

वजन डोळ्याने ठरवू नका. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये घ्या. घेर × घेर × लांबी ÷ १०,८४० म्हणजे किलो. घेर १५०, लांबी १२० असेल तर २४९ किलो. थोडंफार इकडेतिकडे होईल, पण दर महिन्याला उपाशीपोटी, एकाच वेळी मोजलं की वाढ कुठे मंदावली ते कळतं. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत धान्य वाढवायचं असेल तर दोन-तीन आठवडे घेऊन हळूहळू वाढवा. पातळ, राखाडी, फेसाळ शेण दिसलं आणि टोणग्याने गव्हाणीकडे पाठ फिरवली की कोठीपोटात आम्ल वाढलंय समजा, धान्य लगेच कमी करा आणि डॉक्टर बोलवा.

हा सोळा-सतरा महिन्यांत जाणारा टोणगा मी खच्ची करत नाही. म्हशीचा नर उशिरा वयात येतो, तोवर माणसाच्या अंगावर धावून येत नाही, आणि खच्ची न केलेला जास्त वेगाने वाढतो.

कामाला ठेवायचा असेल तर रस्ता वेगळा. मान आणि खांदा भरू द्यायचा, दीड-दोन वर्षांनी चिमट्याने खच्ची करायचा, अडीच-तीन वर्षांनी हलक्या ओझ्यावर शिकवायचा. त्याला धान्य चढवू नका, पायांवर वजन येतं. शिवाय खच्ची नराला धान्य जास्त झालं की मूतखडा होतो, थेंबथेंब लघवी करत शेपूट आपटत उभा राहतो. चिखलातल्या कामात रेडा कुणाला हार जात नाही, पण त्याला घाम फारसा येत नाही, म्हणून भर उन्हात जुंपायचा नाही आणि काम सुटलं की डुंबायला पाणी हवंच. पाणी नसेल तिथे कामाचा रेडा ठेवूच नका, विकून टाका.

सध्या दावणीला तिसरा आहे, ४१ दिवसांचा. आज सकाळी त्याने साडेचारशे ग्रॅम खुराक खाल्ला. दूध अजून दोन लिटरवर आहे.