काल मटण किती आणलं?

सोमवारी सकाळी दहाला ऑफिसात चहा येतो आणि चहाच्या मागोमाग आमचे अण्णा. "काय मग, काल मटण किती आणलं?" कोल्हापुरात रविवारनंतर हा प्रश्न रामराम घातल्यासारखा विचारतात, मान्य. पण समोर कोण बसलंय ते तरी बघा की! खिडकीपाशी माळकरी घरातली पोरगी, शेजारी अठ्ठावीस तारखेला डब्यात नुसती भाकरी-चटणी आणणारा पोरगा. दोघं कसंनुसं हसतात आणि अण्णांना वाटतं, मैफल रंगली.

बरं, पहिल्या प्रश्नाचं एक वेळ चालतं. घात करतो तो दुसरा. गेल्या महिन्यात आमच्यातला एकजण म्हणाला, "काही नाही, घरीच होतो." एवढ्यावर शहाण्या माणसानं ओळखावं, ह्याला पुढं बोलायचं नाही. पण अण्णांच्या जिभेला हाड कुठाय! "घरीच? का? वहिनी माहेरी गेल्यात काय?" गेल्या होत्या. चार महिने झाले होते. अख्ख्या ऑफिसला ठाऊक, अण्णांना सोडून. तो बिचारा कपात बघत म्हणाला, "हो, येतील आठवड्याभरात." झालं! पुढच्या सोमवारी अण्णा हजर, "आल्या का वहिनी?" आता त्यानं एका थापेवर दर आठवड्याला नवी थाप रचायची. कशापायी? तर ह्यांचा चहा गोड व्हावा म्हणून.

माझीही एक कथा आहे. पाचजण रविवारी पन्हाळ्याला जाऊन आले. जावा की, मला काय त्याचं! पण सोमवारी माझ्याच टेबलाजवळ उभं राहून फोटो, झुणका-भाकरी, धुकं, सगळं साग्रसंगीत. आणि वर मलाच, "तू का नाही आलीस गं?" अगं बाई, सांगितलं होतंस का? चारचौघांत मी हे बोलून दाखवायचं, की "काम होतं" म्हणून तुझीच अब्रू झाकायची? मी काम होतं म्हटलं. अजून डोक्यात जातंय ते.

एवढं अवघड असतं का हो? आपलंच आधी सांगावं, तेही साधंसं. "मी तर काल दिवसभर लोळत पडलो, तुमचं कसं?" मग समोरच्यालाही लोळलो म्हणायला लाज वाटत नाही. तो रंगून सांगायला लागला तर ऐका. "बरं होतं" एवढंच म्हणाला, तर पावसावर या, रस्त्यातल्या खड्ड्यांवर या. आपल्याकडं खड्ड्यांना काय तोटा आहे?

तो वहिनीवाला आता सोमवारी दहा वीसला येतो, खाली गाड्यावर एकटाच चहा पिऊन. परवा अण्णा मला विचारत होते, "हा हल्ली उशिरा का येतो गं? घरी काही भानगड आहे काय?"