उलटा ज, ‘खडिकीत’ आणि शिक्षकाची नोंद

‘मूल अक्षरं उलटी काढत असेल तर तो डिस्लेक्सिया, लगेच तपासणी करा. मनाला येईल तसं लिहू दिलं तर चूक कायमची बसते. शिक्षकांनी प्रत्येक शब्द लाल पेनने दुरुस्त करावा आणि नोंदीत चुका मोजून लिहाव्यात.’

हा सल्ला पालकांना आणि शिक्षकांना नेहमी ऐकायला मिळतो. त्यातलं पहिलं वाक्य आधी घेते, कारण आईवडील त्यानेच घाबरतात. कप उजवीकडे वळलेला असो की डावीकडे, तो कपच असतो. वस्तू ओळखायला शिकलेली नजर हा फरक सोडून द्यायलाच सरावलेली असते, आणि अक्षरांच्या बाबतीत तिला ही सवय मोडावी लागते. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलांत उलटी अक्षरं सर्रास दिसतात आणि साधारण सात-आठपर्यंत ती विरळ होत जातात. इंग्रजी अंकांमधला डाव्या बाजूला उघडणारा 3 मुलं 6 पेक्षा जास्त वेळा उलटा काढतात. लिहिताना हात उजवीकडे जातो, तसंच चिन्हाचं तोंडही उजवीकडेच असणार असं ती धरून चालतात.

हा समज आला कुठून? अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन यांनी 1925 साली वाचन न जमणाऱ्या मुलांच्या उलट्या अक्षरांवर बोट ठेवलं, तेव्हापासून तो टिकून आहे. 1970 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ फ्रँक वेलुटिनो यांनी तपासलं तेव्हा अशी मुलं अक्षरं पाहून बरोबर उतरवत होती. अडत होती ती त्यांची नावं सांगताना. डिस्लेक्सियात अडचण मुख्यतः ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्यात असते.

आता लाल पेनाबद्दल. समजा, सहा वर्षांच्या मुलीने मांजराचं चित्र काढून खाली मनाने लिहिलं: ‘माजर खडिकीत बसल’. शिवाय ‘ज’ आरशातल्यासारखा. मोजायचंच तर तीन शब्द आणि तिन्ही चुकीचे.

‘खडिकीत’ पाहा. पानावर पहिली वेलांटी ‘ड’ला लागलेली दिसते. पण लिहिताना मुलीकडे पाहिलं तर कळतं की तिने आधी ‘ख’ काढला, मग वेलांटी, मग ‘ड’. कानाला ऐकू येतो तोच हा क्रम आहे: ख्, इ, ड्. उच्चार नंतर होणारी पहिली वेलांटी आपल्या लिपीत अक्षराच्या आधी काढतात, एवढंच तिला माहीत नाही. त्याच शब्दातली दुसरी वेलांटी तिने अचूक दिली, कारण ती अक्षरानंतरच येते. नियम एकच, एकदा फसला, एकदा जमला. या शब्दातला एकही ध्वनी तिच्याकडून सुटलेला नाही! लाल रेघ मारली की हे सगळं पुसलं जातं.

‘माजर’मधला सुटलेला अनुस्वार वेगळा. ‘ज’च्या आधीचं अनुनासिक पुढच्या व्यंजनात मिसळून जातं, म्हणून लहान मुलांना ते सुटं ऐकू येत नाही. इंग्रजी लिहू लागलेल्या मुलांतही भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स रीड यांना 1971 मध्ये हेच दिसलं होतं. ‘बसलं’वरचं टिंब मात्र ऐकून सापडणारच नाही, तिथे नाकातला उच्चार नसतोच, ती लेखनाची रूढी आहे. ती शिकवावी लागते आणि तिची घाई नाही.

चूक बसते का? कोणी काहीच शिकवलं नाही तर बसू शकते. पण मनाने लिहू देऊन मुलाच्या पायरीपेक्षा एकच पायरी वरचा शब्द दाखवला, तर वाचन शिकायला मदत होते. उलेट आणि सेनेशाल या संशोधकांच्या 2008 च्या अभ्यासात हे दिसलं. इथे ती एक पायरी म्हणजे ‘खि’ काढून दाखवणं. बाकीचं आज नको.

नोंद करताना मुलीच्या अक्षरावर काही गिरवू नये. आधी तिला वाचायला सांगावं आणि ती म्हणाली तेच खाली पेन्सिलीने लिहावं, कारण मराठीतला उलटा ३ बरेचदा ६ सारखा दिसतो आणि अंदाज चुकतो. तारीख घालावी, मनाने लिहिलं, पाहून लिहिलं की सांगून लिहून घेतलं, तेही टिपावं, नाहीतर पुढच्या महिन्याच्या पानाशी तुलनाच होत नाही. मग वर्णनात्मक नोंद अशी होईल: ‘चित्राखाली मनाने वाक्य लिहिले, बोट ठेवून वाचले. “खिडकीत”मधील सर्व ध्वनी लिहिले. पहिली वेलांटी उच्चाराच्या क्रमाने देते. व्यंजनाआधीचा अनुस्वार अजून नाही. ज उलटा. पुढे: कि, खि, चि लिहिताना वेलांटी आधी.’

तपासणीचा प्रश्न उरतो, आणि तो टाळू नये. आठ वर्षांनंतरही, शिकवूनही अक्षरं उलटीच येत असतील तर तपासणी करावीच. मात्र उलट्या अक्षरांची वाट न पाहता दुसऱ्याच गोष्टींवर लक्ष हवं: शब्दाचा पहिला ध्वनी सांगता येत नाही, शिकवलेलं अक्षर आणि त्याचा आवाज जुळत नाही, लिहिलेलं दुसऱ्या दिवशी स्वतःलाच वाचता येत नाही, महिन्यामहिन्याची पानं शेजारी ठेवली तरी फरक दिसत नाही. घरात आणखी कुणाला वाचायला जड गेलं असेल तर अधिक लवकर. आणि आधी डोळे व कान तपासून घ्यावेत.