ठरावीक वेतनवाढ की टक्केवारी: रेषा नेमक्या कोणत्या वर्षी छेदतात

दावा असा आहे: “पगारवाढीचे दोन पर्याय समोर असतील तर डोळे झाकून टक्के घ्या. ज्या वर्षी टक्क्यांची वाढ ठरावीक रकमेपेक्षा मोठी होते, त्या वर्षापासून तुम्ही पुढे. चक्रवाढीपुढे ठरावीक रक्कम टिकूच शकत नाही.”

पडताळणीसाठी एक उदाहरण घेऊ. सुरुवातीचे वार्षिक वेतन 100 धरू. चलन कोणतेही असो, प्रमाण तेच राहते. पहिल्या कर्मचाऱ्याला दरवर्षी 5 ची ठरावीक वाढ मिळते आणि दुसऱ्याला त्या-त्या वेळच्या वेतनावर 4 टक्के. पहिल्या वर्षी दोघांचेही वेतन 100 आहे आणि पहिली वाढ दुसऱ्या वर्षापासून लागू होते. वर्ष आणि वाढ यांच्या मोजणीत एकाचा फरक पडतो, हे येथेच लक्षात ठेवावे, कारण बारा वाढी मिळाल्या म्हणजे तेरावे वर्ष चालू झाले, आणि ही गल्लत आकडेमोडीत सहज होते.

दाव्यातील दुसरे वाक्य आधी तपासू, कारण खरी चूक तिथे आहे. टक्केवारीची वाढ पहिल्यांदा 4, मग 4.16, मग 4.33 अशी चढत जाते आणि सातव्या वाढीला 5.06 होते, म्हणजे आठव्या वर्षी ती 5 ला मागे टाकते. पण त्याच्या आदल्या, म्हणजे सातव्या वर्षी दोघांची वेतने पाहा: ठरावीक वाढवाल्याचे 130 आणि टक्केवाल्याचे 126.53. हे अंतर 3.47 इतके आहे आणि संपूर्ण काळात टक्केवाला वेतनात इतका मागे पुन्हा कधीच नसतो. आठव्या वर्षी अंतर 3.41 वर येते, म्हणजे ते मिटत नाही, नुसते आकसू लागते. असे होणे अटळ आहे, कारण दोन वेतनांतील अंतर दरवर्षी दोन वाढींच्या फरकाने बदलते आणि टक्क्यांची वाढ लहान असेपर्यंत ते रुंदावतच जाते. ज्या वर्षाला दाव्यात पुढे जाण्याचे वर्ष म्हटले आहे, त्या वर्षी केवळ पिछाडी वाढायची थांबते.

वेतने प्रत्यक्षात छेदतात ती याच्या बरीच नंतर. बाराव्या वर्षी ठरावीक वाढवाल्याला 155 मिळतात आणि टक्केवाल्याला 153.95, तेराव्या वर्षी हे आकडे 160 आणि 160.10 असे होतात. फरक जेमतेम एक दशांश आहे, पण टक्केवाला पुढे गेला तो इथे.

इथेही थांबता येत नाही, कारण माणूस एका वर्षाच्या वेतनावर नव्हे, तर आतापर्यंत हाती आलेल्या एकूण रकमेवर जगतो. पहिल्या बारा वर्षांची बेरीज ठरावीक वाढवाल्याची 1530 आणि टक्केवाल्याची 1502.58 होते, म्हणजे वेतन छेदण्याच्या उंबरठ्यावर टक्केवाल्याची एकूण तूट 27.42 इतकी, सुरुवातीच्या वेतनाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त, साचलेली असते. आधी वाढींच्या बाबतीत जे घडले तेच इथे एक पायरी वर घडते: वेतन बरोबरीला येते तेव्हा एकूण मिळकतीतील तूट शिखरावर असते आणि ती पुढच्या प्रत्येक वर्षाच्या आघाडीतून थोडी थोडी भरून काढावी लागते. अठराव्या वर्षाअखेर ती अर्ध्या एककाहूनही कमी उरते आणि एकोणिसाव्या वर्षी संपते. आठ, तेरा आणि एकोणीस ही तीन वेगळी वर्षे आहेत, आणि कोणी छेदाचे वर्ष सांगितले तर ते यांपैकी कोणते, हे आधी विचारले पाहिजे.

महागाई धरली तर चित्र पालटते का, असा प्रश्न येतो. वेतनांच्या छेदाचे वर्ष तिच्यामुळे बदलत नाही, कारण एकाच वर्षातील दोन्ही रकमांना एकाच आकड्याने भागले जाते. एकूण मिळकतीचा छेद मात्र लांबतो, कारण ठरावीक वाढवाल्याची आघाडी आधीच्या, जास्त मोलाच्या पैशांत असते. वर्षाला 4 टक्के महागाई धरली तर या उदाहरणात तो एकोणिसाव्याऐवजी विसाव्या वर्षी येतो. फरक लहान आहे, पण त्याची दिशा टक्केवाल्याच्या विरुद्ध आहे.

हे वर्ष थेट काढून देणारे सोपे सूत्र नाही. वाढींची तुलना लॉगरिदमने सुटते, पण वेतनांच्या समीकरणात वर्षांची संख्या एका बाजूला घातांकात आणि दुसऱ्या बाजूला साध्या गुणाकारात येते, म्हणून तक्ता मांडणेच बरे. स्प्रेडशीटमध्ये `A` स्तंभात वर्ष, `B2` आणि `C2` मध्ये 100 आणि `D2` मध्ये 0 लिहून तिसऱ्या ओळीत पुढील सूत्रे घालावीत आणि ती खाली ओढावीत:

```
B3: =B2+5
C3: =C2*1.04
D3: =D2+C3-B3
```

`C` पहिल्यांदा `B` पेक्षा मोठा होतो ते वेतनांच्या छेदाचे वर्ष, आणि `D` पहिल्यांदा धन होतो ते एकूण मिळकतीच्या छेदाचे.

आता चक्रवाढीचा मुद्दा. गणित म्हणून तो खरा आहे: दर कितीही लहान असला तरी चक्रवाढीची रेषा कधी ना कधी सरळ रेषेला मागे टाकतेच. वरच्या उदाहरणात पूर्ण 35 वर्षे नोकरी झाली तर टक्केवाल्याची बेरीज सुमारे 7365 आणि दुसऱ्याची 6475 होते, आणि हा मोठा फरक मी नाकारत नाही. पण “कधी ना कधी” निवृत्तीच्या आत येईल की नाही, हे दर ठरवतो. तक्त्यात 1.04 च्या जागी 1.03 लिहून पाहा. वेतने आता चौतिसाव्या वर्षी छेदतात, तेही 265.23 विरुद्ध 265 इतक्या निसटत्या फरकाने, आणि एकूण मिळकतीचा छेद अठ्ठेचाळिसाव्या वर्षी येतो. दर एका टक्क्याने उतरला आणि एकोणिसाचे अठ्ठेचाळीस झाले. इतकी नोकरी फारच थोड्यांच्या वाट्याला येते.

राहिले “डोळे झाकून”. एकाच आस्थापनेत हेच दोन पर्याय सर्वांना दिले, तरी प्रत्येकाचा छेद वेगळ्या वर्षी येतो, कारण 5 ही रक्कम प्रत्येकाच्या वेतनाचा वेगळा हिस्सा असते. ज्याचे वेतन 125 च्या वर आहे त्याला 4 टक्के पहिल्याच वाढीपासून 5 पेक्षा जास्त देतात आणि त्याला थांबावेच लागत नाही. ज्याचे वेतन 50 आहे त्याच्यासाठी 5 म्हणजे सुरुवातीला 10 टक्के, आणि त्याची नुसती वेतने छेदायलाच चव्वेचाळिसावे वर्ष उजाडते. कमी वेतनाच्या माणसाला हा सल्ला सरसकट देणे मला अन्यायाचे वाटते, कारण वाट पाहण्याची सर्वांत मोठी किंमत त्यालाच मोजावी लागते. शिवाय ठरावीक रकमेची दर काही वर्षांनी फेरआखणी होऊन ती वाढत असेल, तर प्रत्येक फेरआखणीबरोबर छेद पुढे सरकतो. त्यामुळे निवड करण्याआधी स्वतःचे वेतन, त्या ठिकाणी किती वर्षे राहण्याचा विचार आहे, आणि रक्कम कधी बदलते, हे तीन आकडे तक्त्यात घालून `D` स्तंभातील आपल्या शेवटच्या वर्षाची ओळ पाहावी.