साडेचारशेच्या जागी साडेचार हजार

परवा किराणा दुकानदारांच्या कार्यशाळेत आम्हाला एक प्रसंग चर्चेला दिला. बिल ४५० रुपयांचं. गिऱ्हाइकाने घाईत एक शून्य जास्त दाबलं आणि यूपीआयने ४,५०० पाठवले. दुकानात गर्दी, स्पीकर काय बोलला याकडे कुणाचंच लक्ष नाही. रात्री हिशोब जुळवताना ४,०५० रुपये जास्त निघाले. दुकानदाराने काय करावं?

"परत करणार!" सगळ्यांचे हात वर. मागच्या रांगेतले एक काका तेवढे म्हणाले, "चूक त्याची. मी मागितले नव्हते. आला तर देईन." सगळे त्यांच्यावर तुटून पडले. मला मात्र वाटतं, काका खरं बोलले. हात वर करणाऱ्या आपल्यातले कितीतरी जण एरवी हेच करतात. महिनाभर कुणी आलं नाही की ते पैसे विक्रीत मिसळून जातात.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७२ सांगतं, की चुकून पैसे मिळाले तर ज्याला मिळाले त्याने ते परत केले पाहिजेत. देणारा निष्काळजी होता म्हणून ते आपले होत नाहीत. म्हणून त्या रात्री वहीत विक्री ४५० चीच लिहायची. उरलेले ४,०५० उचंत खात्यात, म्हणजे निकाल लागेपर्यंत वेगळ्या ठेवलेल्या पैशांच्या खात्यात टाकायचे, आणि शेजारी तारीख, वेळ, व्यवहाराचा बारा आकडी नंबर. ही एक ओळ लिहिली की पैसे आपल्या नजरेला परके दिसत राहतात. माझ्या मते सगळं त्या ओळीवर आहे.

परत करताना पैसे आले त्याच खात्यावर पाठवायचे. दुकानाच्या ॲपमध्ये त्या व्यवहारावरूनच रिफंडची सोय असेल तर उत्तम. दुसऱ्याच दिवशी कुणी फोन करून "चुकून जास्त गेले, या नंबरवर टाका" म्हणालं, तर आधी बँकेच्या खात्यात रक्कम खरंच जमा आहे का ते बघा. नुसता मेसेज किंवा स्क्रीनशॉट धरू नका, खोटे मेसेज दाखवून फसवणारे खूप आहेत. आणि दुसऱ्या नंबरवर तर मुळीच पाठवू नका.

खरा वाद झाला तो पुढच्या प्रश्नावर. त्याच गिऱ्हाइकाची १,२०० उधारी असेल तर? बहुतेकांचं म्हणणं, "वळते करून घ्यायचे, त्यात काय?" मला हे अजिबात पटत नाही. उधारी पगार झाल्यावर द्यायची असं त्याने ठरवलं असेल, आणि ते ४,०५० उद्याच्या फीचे असतील. ते त्याला न विचारता आपण कसं ठरवणार? त्याला फोन करा, "दादा, काल तुमचे ४,०५० जास्त आलेत" एवढंच आधी सांगा. उधारीचा विषय त्याने काढला आणि "कापून घ्या" म्हणाला, तर १,२०० जमा लिहा, २,८५० परत पाठवा आणि खात्याच्या पानाचा फोटो त्याला पाठवा. नाही काढला, तर पूर्ण ४,०५० परत.